वजनावरचा कर आणि किमतीवरचा कर

(मुळशी तालुक्यातील बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



मुळशीच्या भातखाचरांत बसून कापसाच्या आयात कराविषयी बोलायचे म्हणजे थोडे विचित्रच. इथल्या यजमानांच्या शेतात कापसाचे बोंड औषधालाही सापडायचे नाही. पण समोर बसलेले निम्म्याहून जास्त लोक कोरडवाहू कापूस आणि ज्वारीवाले आहेत, आणि दुपारी ज्या ठरावावर हात वर करायचा तो ठराव कापसाचाच आहे. ठरावाच्या मसुद्यात एक वाक्य आहे : "आयात कापसावरील 11 टक्के कर कायम ठेवावा." आमचे म्हणणे एवढेच की हात वर करण्याआधी हा टक्का कशाचा, ते नीट समजून घेऊ.

हे सुचले ते आमच्या शहाणपणाने नाही. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्र सरकारने कापसावरचा आयात कर माफ केला, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. त्या वेळी आम्ही घाईघाईने एक पत्रक काढले. त्यात लिहिले की 11 टक्क्यांची भिंत पाडली. एका गावात पत्रक वाचून झाल्यावर मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारले, "साहेब, भिंत म्हणता, पण ती किती हात उंच होती?" आम्ही म्हटले, 11 टक्के. तो म्हणाला, "टक्क्याला उंची नसते. कशाचा टक्का ते सांगा." शेतकीची पदवी घेतलेले आम्ही, आणि उत्तर देता आले नाही. घरी येऊन कागद-पेन्सिल घेतली तेव्हा कळले की त्याने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवले होते.

कर दोन तऱ्हांनी बसवता येतो. एक, मालाच्या वजनावर, मापावर किंवा नगावर : किलोला इतके रुपये, लिटरला इतके, मीटरला इतके. माल उंची असो की हलका, रक्कम तीच. दुसरी तऱ्हा किमतीवर : शंभर रुपयांच्या मालाला इतके रुपये. माल महाग तर कर जास्त, माल स्वस्त तर कर कमी. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पण कराचा बोजा स्वस्त माल घेणाऱ्यावर पडतो की महाग माल घेणाऱ्यावर, हे याच फरकावर ठरते.

याचा आपल्या देशातला सगळ्यात मोठा धडा मिठाचा आहे. मिठाच्या सत्याग्रहाच्या गोष्टी आपण शाळेत ऐकल्या, पण तो कर होता कसा हे फारसे कोणी सांगत नाही. मिठावरचा कर वजनावर होता. मणाला अमुक रुपये-आणे. मण म्हणजे 40 शेर, आजच्या हिशेबात 37 किलोंपेक्षा थोडा जास्त. 1888 ते 1903 या काळात हा दर मणाला अडीच रुपये, म्हणजे 40 आणे होता.

आता दोन तऱ्हेचे मीठ डोळ्यांसमोर आणा. एक, इथून घाट उतरून गेले की पेण-उरणच्या मिठागरात पिकणारे खडे मीठ, मातकट, ओलसर. दुसरे, विलायतेहून गलबतात भरून येणारे पांढरे बारीक मीठ. विलायती मीठ बंगालमध्ये भरपूर खपत असे. हिशेबापुरते धरा की मिठागरावर खड्या मिठाचा मण चार आण्यांना पडतो आणि बारीक मीठ मणाला एक रुपयाला, म्हणजे 16 आण्यांना. दोन्हींवर कर 40 आणे. बारीक मिठावर कर झाला किमतीच्या अडीचपट. खड्या मिठावर झाला दहापट. सरकारच्या वहीत दोघांचा दर एकच आहे, पक्षपात कुठेही दिसत नाही. पण भाकरीबरोबर खडे मीठ खाणारा माणूस आपल्या मालाच्या मानाने चौपट कर भरतो आहे.

कर किमतीवर असता आणि दर समजा अडीचपटच, म्हणजे 250 टक्के असता, तर बारीक मिठावर 40 आणेच बसले असते, पण खड्या मिठावर फक्त दहा. तीस आण्यांचा फरक पडला तो दर कमी झाला म्हणून नाही. कर मोजायची तऱ्हा बदलली म्हणून.

आम्ही मिठागरावरचे जे भाव धरले ते अतिशयोक्त वाटतील, पण प्रत्यक्ष आकडे याहून वाईट होते. 1930 साली गांधींनी 'यंग इंडिया'त हिशेब मांडला तेव्हा कर सव्वा रुपया मण होता, म्हणजे 20 आणे, म्हणजे 240 पै. आणि मिठाची विक्रीची मूळ किंमत त्यांनी धरली होती मणाला 10 पै. दहा पैच्या मालावर 240 पै कर. टक्केवारीत 2400 टक्के. कोणत्याही सरकारला "आम्ही गरिबाच्या मिठावर 2400 टक्के कर लावतो" असे म्हणायची हिंमत झाली नसती. "मणाला सव्वा रुपया" म्हटले की ते सहज खपून जाते. वजनावरच्या कराचा हा पहिला गुण सरकारच्या दृष्टीने फार मोलाचा आहे : त्यात टक्का दिसत नाही.

घरात तो कसा पोचत होता तेही पाहू. पाच माणसांच्या घराला वर्षाला पाऊण मण मीठ लागे. गुरांचे वेगळे. अडीच रुपयांच्या दराने पाऊण मणाचा कर 30 आणे. मजुरी दिवसाला चार आणे धरली तर साडेसात दिवसांची मजुरी निव्वळ मिठाच्या करात गेली. सावकाराच्या घरातही माणसे पाच, मीठ पाऊण मण आणि कर 30 आणे. पोट भरल्यावर कोणी दुप्पट मीठ खात नाही. म्हणजे इथे अन्याय दोन थरांचा झाला. हलका माल घेणारा जास्त भरतो हा वजनी कराचा दोष, आणि जी वस्तू गरीब-श्रीमंत सारखीच खातात तिच्यावर कर बसवला हा दुसरा. कर टक्क्याने असता तरी दुसरा दोष उरलाच असता. हे दोन दोष वेगळे ठेवा, पुढे उपयोगी पडतील.

आणखी एक गोष्ट आपल्या पट्ट्याला जास्त कळेल. 1896-97 आणि 1899-1900 असे दोन मोठे दुष्काळ याच अडीच रुपयांच्या काळात पडले. ज्वारी भडकली, मजुरी बुडाली, आणि मिठाचा दर जागचा हलला नाही. वजनी कर असाच असतो. त्याला ना भाव दिसतो, ना हंगाम. 1902 साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी अर्थसंकल्पावरच्या भाषणात हा कर उतरवण्याची मागणी केली. नंतर तो उतरला : 1903 मध्ये दोन रुपये, 1905 मध्ये दीड, 1907 मध्ये एक. 1916 मध्ये सव्वा झाला, आणि 1923 मध्ये कायदेमंडळाचा विरोध डावलून व्हाइसरॉयने पुन्हा अडीचवर नेला. पुढच्याच वर्षी परत खाली आणावा लागला. संपला तो 1947 मध्ये.

मग सरकारने वजनच का धरले? नुसता दुष्टपणा म्हणून विषय संपवता येत नाही. मिठागराच्या नाक्यावर एक तराजू आणि एक शिपाई असला की काम भागते. मीठ कोणत्या प्रतीचे, बाजारात त्याला काय भाव, यावर व्यापाऱ्याशी हुज्जत घालायची गरज नाही. किमतीवर कर लावायचा तर आधी खरी किंमत कळायला हवी, आणि ती सांगणारा माणूस तोच, ज्याला कर भरायचा आहे. सात-बारावर पीक लावताना आपण काय करतो ते आठवा, म्हणजे तो काय करेल ते सांगावे लागणार नाही.

याचा अर्थ टक्का म्हणजे न्याय, असेही नाही. याचे उदाहरण आपल्या कापसाचेच आहे. 1894 च्या शेवटी सरकारने बाहेरून येणाऱ्या सुतावर आणि कापडावर 5 टक्के कर बसवला, आणि लँकेशायरच्या गिरणीवाल्यांच्या समाधानासाठी इथल्या गिरण्यांच्या 20 नंबरच्या वरच्या बारीक सुतावरही तेवढाच. आपल्या आखूड धाग्याच्या कापसाचे जाडेभरडे सूत त्यातून सुटले होते. लँकेशायरचे तरीही समाधान झाले नाही. 1896 मध्ये नवी मांडणी आली : सूत मोकळे, बाहेरच्या कापडावर साडेतीन टक्के आणि इथल्या गिरणीत विणलेल्या सगळ्या कापडावर साडेतीन टक्के. टक्का सगळ्यांना अगदी सारखा. पण झाले काय? तलम विलायती धोतर नेसणाऱ्याचा कर पाचावरून साडेतीनवर आला, आणि गिरणीचे जाडे मांजरपाट वापरणाऱ्यावर शून्यावरून साडेतीन टक्के बसला. लँकेशायर तसले जाडे कापड जवळजवळ विकतच नव्हते, तरी बोजा त्याच्यावर आला. इथल्या कापडावरचा तो कर 1925 च्या डिसेंबरापर्यंत चालू राहिला. तेव्हा टक्का आहे की वजन, एवढेच पाहून थांबू नका. कर कोणत्या मालाला सोडतो आणि कोणत्याला धरतो, तेही पाहावे लागते.

आता आजच्या काळात येऊ. 1 फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात एक छोटीशी नोंद होती, तिच्याकडे शहरातल्या वर्तमानपत्रांनीही फारसे पाहिले नाही. बाहेरून येणाऱ्या विणीच्या कापडाच्या, म्हणजे होजिअरीच्या, नऊ प्रकारांवर आधी 10 किंवा 20 टक्के आयात कर होता. तो बदलून केला "20 टक्के किंवा किलोला 115 रुपये, यांपैकी जे जास्त असेल ते". इथे दोन्ही तऱ्हा एका वाक्यात बसवल्या आहेत. वरच्या अंगाला टक्का, खालच्या अंगाला वजन.

असे वाक्य दिसले की पहिले काम एक करायचे. वजनाच्या रकमेला टक्क्याने भागायचे. 115 हे कशाचे 20 टक्के? 575 चे. म्हणजे 575 रुपये किलो ही सांध्याची किंमत झाली. त्याहून महाग कापडावर टक्का चालेल, त्याहून स्वस्त कापडावर वजन चालेल. हजार रुपये किलोचे कापड आले तर 20 टक्क्यांनी 200 रुपये कर. तीनशे रुपये किलोचे आले तर 20 टक्क्यांनी 60 झाले असते, पण 115 जास्त म्हणून 115 भरायचे. तीनशेवर 115 म्हणजे 38 टक्के. दोनशे रुपये किलोच्या कापडावर साडेसत्तावन्न टक्के. माल जितका हलका, तितका टक्का चढत जातो. पेण-उरणच्या मिठाचाच हिशेब हा.

मग हे सरकारने का केले? कारण बिल खोटे येते. पाचशे रुपये किलोचे कापड दीडशेचे म्हणून दाखवले की 20 टक्क्यांनी शंभराऐवजी 30 रुपयांत काम भागते. बंदरावरचा अधिकारी प्रत्येक गठ्ठ्याची खरी किंमत कुठून काढणार? किलोला 115 ठरले की दीडशे लिहा की पाचशे, कर 115 च. 575 च्या खाली खोटे लिहून काहीच सुटत नाही. अर्थात एक भोक बुजवले की दुसरे पडते. किंमत खोटी लिहून भागत नसेल तर वजन कमी लिहायचे, किंवा माल त्या नऊ प्रकारांतला नाहीच असे म्हणायचे. पण वजन तराजूवर पकडता येते. किंमत तशी पकडता येत नाही.

आता आपण कुठे उभे आहोत ते बघा. या कराने बाहेरचे स्वस्त कापड अडले तर इथल्या विणकामवाल्याला बरे, सुताला उठाव, आणि त्यातले काही आपल्या कापसापर्यंत पोचेल, जिथे ते कापड सुती आहे तिथे. पण आठवड्याच्या बाजारात पोरासाठी स्वस्तातला टी-शर्ट घेणारेही आपणच. एका टी-शर्टाला 200 ग्रॅम कापड लागते असे धरले तर 115 च्या दराने त्यावर 23 रुपये कर बसतो. तीनशे रुपये किलोचे ते कापड मुळात 60 रुपयांचे. हजार रुपये किलोचे कापड वापरणाऱ्याच्या 200 रुपयांच्या कापडावर 40 रुपये बसतात. साठावर 23 आणि दोनशेवर 40. विकताना मिळेल ते किती आणि घेताना जाईल ते किती, याचा हिशेब कोणी करून दिलेला नाही. आमचा कल सांगतो : बिलांची चोरी सर्रास चालत असेल तिथे वजनाचा तळ हवा, पण तो इतका उंच नको की प्रामाणिक स्वस्त माल त्यात बुडेल.

आता शेवटी आपली रुई. 2021 च्या अर्थसंकल्पाने बाहेरच्या कापसावर सगळे मिळून 11 टक्के बसवले. हा किमतीवरचा कर. समजा बाहेरची रुई बंदरात 160 रुपये किलोने पडते. 11 टक्के म्हणजे 17 रुपये 60 पैसे. आता जगाचा बाजार कोसळला आणि तीच रुई 120 ला आली. कर किती? 13 रुपये 20 पैसे. म्हणजे ज्या दिवशी भाव पडला, ज्या दिवशी आडोशाची गरज सगळ्यात जास्त, त्याच दिवशी आडोसा 4 रुपये 40 पैशांनी बुटका झाला. उलट भाव 200 वर गेला की कर 22 रुपये होतो, जेव्हा आपल्याला त्याची फारशी गरजच नसते. त्या म्हाताऱ्याला उत्तर द्यायचे तर हे असे : भिंत भावाबरोबर वाढते आणि भावाबरोबर खचते.

एका क्विंटल कापसातून 34 किलोच्या आसपास रुई निघते. किलोला 4 रुपये 40 पैसे म्हणजे क्विंटलला दीडशे रुपये. एवढे सगळेच्या सगळे आपल्या हातात पडतील असे समजू नका. बाहेरचा माल खरोखर येत असेल आणि त्याच्या भावाने इथला भाव ठरत असेल तेव्हाच कराचा परिणाम आपल्यापर्यंत पोचतो. मधे जिनिंगवाला आहे, व्यापारी आहे, सूतगिरणी आहे. पण फरक कोणत्या दिशेने पडतो याबद्दल शंका नाही.

कर किलोला सरळ 17 रुपये 60 पैसे असता तर काय झाले असते? भाव 120 वर आला तरी 17-60 च राहिले असते, म्हणजे जवळजवळ पंधरा टक्के. भाव 200 वर गेला तरी 17-60 च, म्हणजे नऊ टक्क्यांहून कमी. पडत्या बाजारात वजनी कर आपल्याला जास्त आधार देतो. मिठावर ज्या गुणाने गरिबाला मारले, म्हणजे भाव न पाहण्याचा गुण, तोच इथे उपयोगी पडतो, कारण मिठात आपण घेणारे होतो आणि इथे विकणारे आहोत.

पण वजनी कराला म्हातारपण येते, हे आमच्याबरोबर सही करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. आज किलोला 17-60 लिहून घेतले आणि दहा वर्षे कोणी हात लावला नाही, तर महागाईत त्याची किंमत अर्धी होऊन जाईल. टक्क्याला हा रोग नाही. शिवाय लांब धाग्याची महाग रुई आणि आखूड धाग्याची स्वस्त रुई यांना एकच रक्कम लावली तर स्वस्त रुईवर बोजा जास्त. आपली कोरडवाहू रुई महागातली नाही, त्यामुळे तिच्याशी टक्कर देणाऱ्या स्वस्त मालाला वजनी कर जास्त अडवील. हे आपल्या बाजूचे आहे. सूतगिरणीच्या आणि जाडे कापड घेणाऱ्याच्या बाजूचे नाही. गिरणीवाले हे नक्की म्हणतील आणि त्यांचे म्हणणे खोटे नसेल.

म्हणून मसुद्यातले ते वाक्य आम्ही असे बदलून मांडतो : "आयात कापसावर 11 टक्के किंवा किलोला ठरावीक रक्कम, यांपैकी जे जास्त असेल ते, असा कर असावा, आणि ती रक्कम दर वर्षी कापूस हंगामाआधी पुन्हा ठरवावी." रकमेची जागा आम्ही मुद्दाम कोरी ठेवली आहे. तुमच्या तालुक्यातल्या जिनिंगमधून मागच्या तीन हंगामांचे रुईचे भाव आणा, महिन्यामहिन्याचे. सगळ्यात पडता भाव कोणता ते काढू, त्या भावाला किती आडोसा हवा ते ठरवू, आणि सांध्याची किंमत कुठे येते ते सगळ्यांसमोर फळ्यावर मांडू. मग तो आकडा भरू. जेवणाला अजून अर्धा तास आहे. ज्यांनी भावाचे कागद आणले असतील त्यांनी ते पुढे द्यावेत.